‘आजी घाबरल्या होत्या’ एवढंच लिहिलं तर जर्नल परत येणारच

प्रश्न: काल पहिल्यांदा बेडसाईडला एमएमएसई, म्हणजे स्मृती-लक्ष तपासायची ३० मार्कांची प्रश्नावली, घेताना बघितली. ऑर्थोचा वॉर्ड, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, शाळा अजिबात नाही. सर प्रश्न विचारत होते, मुलगा शेजारी उभा. आजी सारखं ‘माझं काय चुकलं’ म्हणत होत्या, शेवटी रडल्याच. शंभरातून सात जमलं नाही, वाचणं, लिहिणं, चित्र सगळं शून्य. स्कोर ३० पैकी १०. मी रिफ्लेक्टिव्ह जर्नलमध्ये लिहिलं की आजी घाबरल्या होत्या, मला फार वाईट वाटलं, एम्पथीचं महत्त्व कळलं. मॅडमनी ‘यात पेशंट कुठंय?’ असा शेरा मारून परत दिलं. आता नेमकं काय लिहू?

उत्तर:

मॅडमचा शेरा कडक वाटला असेल पण बरोबर जागी बसलाय. तुमच्या वाक्यांतलं एक आजींबद्दल आहे, एक तुमच्याबद्दल, आणि तिसरं तर कुठल्याही पेशंटच्या खाली चिकटवलं तरी चालेल. आजी कशाला घाबरल्या, कधीपासून घाबरल्या, कोणत्या प्रश्नाला जास्त आणि कोणत्या प्रश्नाला जरा निवांत झाल्या, यातलं काहीच नाही. आणि या तपासणीत सगळा खेळ तिथंच असतो, कारण भीतीनं गेलेले मार्क आणि विसरण्यानं गेलेले मार्क फॉर्मवर सारखेच दिसतात. प्रश्न विचारणाऱ्याचं निम्मं लक्ष फॉर्मवर असतं, तुम्ही नुसत्या बघायला उभ्या होतात, म्हणजे हा फरक दिसायची सगळ्यात चांगली संधी तुम्हालाच होती.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, जालना-परभणी-नांदेडकडच्या वॉर्डांतून बरीच वर्षं काम करतेय आणि ट्रेनी मुलामुलींची जर्नल्स वाचणं हाही कामाचाच भाग आहे. जर्नलचा साचा कोणता ते तुमच्या डिपार्टमेंटवर आहे. कुठं ‘काय झालं, त्याचा अर्थ काय, पुढं काय’ असे तीन भाग मागतात, कुठं गिब्सचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र लागतं, ते आधी विचारून घ्या. पण साचा कुठलाही असला तरी ‘काय झालं’ हा भाग कच्चा राहिला की पुढचं सगळं हवेत जातं, म्हणून मी जास्त त्याच्यावरच बोलणार आहे.

घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहायचं आणि विशेषणं होईल तेवढी टाळायची. आजींचे हात काय करत होते, नजर कुठं होती, आवाज कुठल्या प्रश्नापाशी बारीक झाला, कोण काय बोललं, जमलं तर त्यांच्याच शब्दांत. हे का लागतं ते एका केसवरून सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मेडिसिन वॉर्डात मी एका आजींची तपासणी घेत होते, ट्रेनी मुलगी बेडच्या दुसऱ्या बाजूला उभी. आजी बोलायला चांगल्या, पाऊसपाण्याचं झालं, सोयाबीनच्या भावाचं झालं, हसल्यासुद्धा. मग मी क्लिपबोर्ड काढला आणि आजी गप. पहिल्या प्रश्नाला ‘काय की माय’, दुसऱ्याला ‘लेकराला इचारा’, तिसऱ्याला नुसती मान हलवली. तपासणी तिथंच थांबवली. त्या ट्रेनीच्या वहीत संध्याकाळी एक ओळ होती: ‘कागद बाहेर आला तसा आजींनी उजवा अंगठा मुठीच्या आत घेतला आणि मूठ पदराखाली सरकवली.’ मी ज्या बाजूला होते तिथून तो हात दिसत नव्हता, तिला दिसला.

दुसऱ्या दिवशी गेल्यावर मी पहिलं वाक्य तेच बोलले, ‘आजी, ह्या कागदावर अंगठा-बिंगठा काही करायचा नाही, हा माझा कागद हे, माझ्याजवळच राहणार.’ मग त्यांनी सांगितलं. मागं एकदा असंच दवाखान्यात असताना घरच्या कुणीतरी कागद पुढं केला होता, दवाखान्याचा हे म्हणून अंगठा घेतला, नंतर कळलं की वावराच्या वाटणीचा होता. त्या दिवशी कागद उशाशी उलटा ठेवून प्रश्न विचारले आणि उत्तरं बाहेर येऊन लिहिली, आदल्या दिवशी ‘काय की’ म्हणलेल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं व्यवस्थित आली. ‘पेशंट अँग्शस, को-ऑपरेट करत नाही’ असं लिहून फाईल बंद करणं सोपं होतं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं.

आता तुमच्या आजी. ‘माझं काय चुकलं’ हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा कधी म्हणलं ते आठवून बघा. प्रश्न सुरू व्हायच्या आधीच म्हणत असतील तर भीती बाहेरून आलेली आहे. कुणीतरी ‘डोक्याचा डॉक्टर येणारे’ असं सांगितलं असेल, किंवा पडल्याबद्दल घरच्यांनी आधीच बोल लावला असेल आणि त्यांना वाटत असेल की आता त्याचीच चौकशी चाललीय. पण एखादा प्रश्न हुकल्यावर म्हणल्या असतील तर गोष्ट वेगळी, मग आपलं चुकलं हे त्यांना कळलंय, आणि ते कळणं ही स्वतःच एक नोंद आहे. स्मृती ढासळत असलेल्या काही माणसांना प्रश्न जमला नाही की एकदम रडू कोसळतं नाहीतर राग येतो, कर्ट गोल्डस्टीननं याला कॅटॅस्ट्रॉफिक रिॲक्शन असं नाव दिलंय. दोन्हीत रडणं सारखंच दिसतं, फरक फक्त वेळेचा आहे. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं लिहा, मनानं भरू नका.

मग मार्क. १० हा आकडा जर्नलमध्ये नुसता लिहू नका, फोडून लिहा. एकूण २० मार्क गेले. त्यातला वाचून डोळे मिटणे १, वाक्य लिहिणे १, पंचकोनांचं चित्र १ आणि शंभरातून सात वजा करत जाणे ५, म्हणजे ८ मार्क शाळेशी बांधलेले आहेत. ज्या बाईनं पाटी-पेन्सिल कधी हातात घेतली नाही तिचे हे ८ मार्क तपासणी सुरू व्हायच्या आधीच जवळजवळ गेलेले होते, त्यातून मेंदूबद्दल फारसं काही कळत नाही. उरलेले १२ कुठं गेले हे खरं बघायचंय. एमएमएसई १९७५ ची आहे, फोलस्टीन मंडळींनी अमेरिकेत बनवलेली, आणि २४ च्या खाली गडबड समजायची ही जी रेघ सगळे पाठ करतात ती शिकलेल्या लोकांवरून आलीय. आपल्याकडं हा घोळ लक्षात आल्यावर हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या कामातून एचएमएसई ही हिंदी आवृत्ती तयार झाली, १९९५ मध्ये गांगुली आणि सहकाऱ्यांनी छापली. त्यात वाचून डोळे मिटायच्या ऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि पेशंटला तसंच करायला सांगतो, लिहायच्या ऐवजी घराबद्दल एक वाक्य तोंडी बोलायचं, वार उलटे म्हणायचे, असे बदल आहेत. सरांनी एमएमएसईच का घेतली याला कारण असू शकतं, वॉर्डात तोच फॉर्म ठेवलेला असतो किंवा जुन्या स्कोरशी तुलना करायची असते. हे त्यांना विचारा. जर्नलमध्ये ‘सरांनी चुकीची टेस्ट घेतली’ असा निकाल देऊ नका, प्रश्न म्हणून लिहा.

उरलेल्या १२ मध्ये बहुतेक मोठा वाटा वेळेच्या ओळखीचा असणार, तारीख, वार, महिना, साल, ऋतू. इथं मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचं उत्तर कसं येतं ते कान देऊन ऐकायला लागतं. तारीख विचारली तर ‘काय की’, पण ‘परवा एकादस झाली’ हे बरोबर. महिना विचारला तर इंग्रजी महिना येत नाही, श्रावण-भादवा येतो. वार थेट विचारला तर अडखळतात आणि ‘तुमच्या गावचा बाजार कधी, तो होऊन गेला का’ म्हणलं की वार आपोआप येतो. वय विचारलं तर ‘पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी रांगत होते’ नाहीतर ‘बहात्तरच्या दुष्काळात माझं थोरलं पोरगं पोटात होतं’, किंवा ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नात झाली’. पोलीस ॲक्शन १९४८, दुष्काळ १९७२, भूकंप १९९३, यावरून वय काढता येतं आणि बाईनं आपलं आयुष्य कसं क्रमानं लावून ठेवलंय तेही कळतं. फॉर्मवर मार्क मात्र फॉर्मच्या नियमानंच द्यायचे, आपल्या मनानं एकादशीला एक मार्क द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ लागणार नाही. पण उत्तर जसंच्या तसं शेजारी लिहायचं. ज्याला तारीख येत नाही पण एकादशी येते आणि ज्याला दोन्ही येत नाही, हे फार वेगळे पेशंट आहेत आणि फॉर्मवर दोघांना शून्यच मिळतं. आजी तांड्यावरच्या असतील तर घरात गोरमाटी बोलतात, मग मराठीतला प्रश्न हीच एक परीक्षा होते, तेही लिहायला पाहिजे.

जाता जाता एक, माहिती तपासायला म्हणून नवऱ्याचं नाव विचारलं आणि आजी गप्प बसल्या तर ती विसरल्याची खूण धरू नका. कित्येक जणी आजही नाव घेत नाहीत, लेकीला नाहीतर शेजारच्या बेडवरच्या बाईला खुणावतात. मुलाचं, जावयाचं, गावाचं नाव विचारावं.

मुलाकडं येते. तो शेजारी उभा होता म्हणता, मग आजी प्रश्न आला की त्याच्याकडं बघत होत्या का? पुस्तकात याला हेड टर्निंग साईन म्हणतात, स्मृतीचा खरा त्रास असलेला माणूस उत्तरासाठी जोडीदाराकडं, मुलाकडं मान वळवतो. खूण खरी आहे, उपयोगी आहे, पण आपल्याकडं दवाखान्यात बाईमाणसानं लेकाच्या तोंडाकडं बघूनच बोलायचं ही रीतसुद्धा आहे, तेव्हा नुसत्या मान वळण्यावरून काही ठरत नाही. मी दोन गोष्टी बघते. एक, कुठल्या प्रश्नाला वळतात. दवाखान्याचं नाव, मजला, जिल्हा असल्या गोष्टींना वळल्या तर ठीक, पण ‘सकाळी काय खाल्लं’, ‘किती लेकरं तुम्हाला’ यालाही वळायला लागल्या तर कान टवकारायचे. दुसरं, मुलाला चहा आणायला पाठवल्यावर काय होतं. नुसती रीत असेल तर आधी चुळबुळ करतात आणि मग स्वतः बोलायला लागतात, कधीकधी मुलासमोर न बोललेलंही बोलतात. स्मृतीचा त्रास असेल तर मुलगा नसताना नजर तुमच्याकडं, सिस्टरकडं, कुणाकडंही उत्तरासाठी जात राहते. तुमच्या केसमध्ये मुलगा शेवटपर्यंत तिथंच होता वाटतं, म्हणजे दुसरी गोष्ट बघताच आली नाही, हीसुद्धा नोंदच. आणि तो मधेच उत्तर सांगत होता का, ‘आई, अगं एवढं येत नाही का’ असं काही म्हणला का, हेही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुमच्या प्रश्नात ते ओझरतं येऊन गेलंय. खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. या वयात, या ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा आणि कमी-जास्त होणारा गोंधळ, पुष्कळ जणांना होतो. म्हणजे आजींची भीती परीक्षेची नसून डिलिरियमचाच भाग असण्याची शक्यता आहे आणि तसं असेल तर त्या १० मार्कांवरून डिमेन्शियाबद्दल काहीच बोलता येत नाही. आधी डिलिरियम शोधायचा, त्याचं कारण शोधायचं, मग स्मृतीचं बघायचं.

दोन्ही भीतींमधला फरक बेडपाशी उभं राहून बऱ्यापैकी दिसतो. परीक्षेची भीती प्रश्नाबरोबर वाढते आणि प्रश्न थांबवून पाणी दिलं, नातवंडांचं विचारलं की उतरते, बोलणं सलग होतं. डिलिरियमची भीती प्रश्नाची वाट बघत नाही. आजी मधेच छताकडं नाहीतर पडद्याकडं बघतात, ‘ते तिथं कोण उभं हे’ म्हणतात, सलाईनची नळी ओढतात, चादर चिमटीत धरून खुडत राहतात, तुमचं वाक्य अर्ध्यात असताना डोळे जड होतात आणि परत दचकून उघडतात. नातवंडांच्या गप्पांतसुद्धा धागा सुटतो. आणि दिवसभरात वरखाली होतं, सकाळी बऱ्या आणि रात्री घर कुठंय म्हणून उठायला बघतात. म्हणून रात्रीच्या सिस्टरला आणि रात्री उशाशी झोपलेल्या नातेवाईकाला विचारणं हे त्या ३० मार्कांच्या फॉर्मपेक्षा जास्त कामाचं असतं. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या: हे अचानक सुरू झालं का, आणि कमी-जास्त होतं का. पडायच्या आधी आजी स्वतः चूल, शेरडं, देवपूजा बघत होत्या आणि चार दिवसांत हे झालं असेल तर तो डिमेन्शियाचा वेग नव्हे. यात आणखी एक फसवी जात आहे, गप्प पडून राहणारी. ना ओढाओढ, ना बडबड, आजी नुसत्या झोपाळल्यासारख्या, ‘शांत आहेत हो’ असं सगळे म्हणतात आणि डिलिरियम निसटतो. तुमच्या आजी रडल्या तरी निदान कुणाचं लक्ष गेलं.

लक्ष टिकतं का हे बघायला शिकलेल्या माणसाला महिने उलटे म्हणायला लावतात. न शिकलेल्या आजींना मी वार उलटे म्हणायला लावते, रविवार, शनिवार, शुक्रवार असं. नुसती भीती असेल तर हळू म्हणतात, थांबतात, पण उलट्याच जातात. लक्षच टिकत नसेल तर शुक्रवारपाशी गाडी फिरते आणि शनिवार, रविवार असं सुलटं सुरू होतं, किंवा काय म्हणायचं होतं तेच विसरतात. वॉर्डात डिलिरियमसाठी फोर-एटी नावाची छोटी तपासणी वापरतात. त्यात जागेपणा, चार साधे प्रश्न, उलटे महिने आणि अचानक बदल अशा चार गोष्टी असतात, ४ किंवा जास्त आले की डिलिरियमची शंका. तिचे चार प्रश्न म्हणजे वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल, त्यातल्या जन्मतारखेवर आपल्या आजी नेहमीच अडणार, आणि महिन्यांच्या जागी वार घेतले तर तो स्कोर तंतोतंत फोर-एटीचा राहत नाही, तेव्हा मी आकड्याबरोबर हे दोन्ही लिहून ठेवते.

फोर-एटीचा एक नियम तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. तिथं पेशंट झोपाळलेला आहे, बेचैन आहे, लक्षच देत नाही आणि म्हणून प्रश्न घेता आला नाही, तर त्याचे मार्क लागतात, कारण घेता न येणं हेच डिलिरियमचं लक्षण धरलंय. एमएमएसईमध्ये मात्र चष्मा नाही म्हणून, अक्षरओळख नाही म्हणून किंवा रडतायत म्हणून न घेतलेला प्रश्न मुकाट्यानं शून्यात टाकला तर तो स्मृतीच्या खात्यात जातो. म्हणून फॉर्मवर ‘शून्य’ आणि ‘घेतला नाही, कारण अमुक’ हे वेगवेगळं दिसायला हवं. तुमच्या १० मधली शून्यं कुठल्या प्रकारची होती, आजींनी प्रयत्न करून चुकवली, ‘नाई येत’ म्हणून सोडली, का विचारलीच गेली नाहीत, हे तुम्ही बघितलंय. निदान काहींचं तरी.

आता तुमचं वाईट वाटणं. ते काढून टाका असं मी म्हणत नाहीये, जागा बदला. ते निष्कर्षात टाकू नका, ज्या क्षणी वाटलं तिथं लिहा आणि त्यानं तुमच्या बघण्याचं काय झालं ते लिहा. आजी रडायला लागल्यावर तुम्ही खाली बघितलं का? पुढचे दोन प्रश्न ऐकूच आले नाहीत का? सर थांबले का, किती वेळ, परत सुरू करताना आजींना विचारलं का, की फॉर्म संपवायची घाई होती? पुढं जाऊन आजींचा हात धरावासा वाटला आणि धरला नाही तर का नाही धरला? तुम्ही कोण आणि तिथं का उभ्या आहात हे कुणी आजींना सांगितलं होतं का? हे शेवटचं बरेचदा राहून जातं. अनोळखी तरुण मुलगी वही घेऊन पायथ्याशी उभी, हेही त्या भीतीत मिळालेलं असू शकतं.

नमुना म्हणून खाली एक तुकडा देते. तुमची नोंद मला माहीत नाही, तेव्हा जिथं माझ्याकडं माहिती नाही तिथं मी अंदाजानं भरलंय, ते तसंच उतरवू नका, तुमचं घाला. नाव, बेड नंबर, गाव, ॲडमिटची तारीख यातलं काहीही जर्नलमध्ये नको.

‘ऑर्थो वॉर्ड, सकाळच्या राऊंडनंतर. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, शाळा नाही, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. रात्रीच्या झोपेबद्दल आणि दुखण्याच्या औषधाबद्दल मला माहिती नव्हती, मी विचारली नाही. चष्मा उशीखाली होता, लावला नव्हता. मुलगा उजवीकडं, मी पायाशी. माझी ओळख करून दिली गेली नाही. सरांनी “काही प्रश्न विचारतो” म्हणून सुरुवात केली, आजींनी लगेच बेडची दांडी धरली आणि “माझं काय चुकलं” म्हणल्या. म्हणजे हे पहिल्या प्रश्नाच्या आधी. तारखेला उत्तर आलं नाही, मुलाकडं बघितलं. लक्षात ठेवायच्या तीन शब्दांतले दोन पहिल्याच वेळी म्हणून दाखवले. शंभरातून सातला “मला हिशोब नाई येत” म्हणल्या, आवाज स्पष्ट होता. वाचायचा कागद दिल्यावर मुलगा म्हणला “तिला कुठं येतंय”, आणि आजी रडल्या. माझं लक्ष इथं तुटलं, तीन शब्द परत विचारले तेव्हा आजींनी काय म्हणलं ते मला सांगता येणार नाही. रडणं थांबल्यावर सरांनी घड्याळ दाखवून नाव विचारलं, ते लगेच आलं.

‘स्कोर १०. गेलेल्या २० पैकी ८ लिहिण्या-वाचण्या-हिशोबाचे. रडू विसरण्यापाशी आलं नाही, वाचता येत नाही हे सगळ्यांसमोर निघालं तिथं आलं असं मला वाटतं, पण मी एकदाच बघितलंय. घड्याळाचं नाव रडून झाल्यावरही आलं, त्यावरून भीतीनं सगळंच बंद पडलं होतं असं नाही. डिलिरियम होता का हे मी बघितलेल्यावरून सांगता येत नाही, लक्ष तपासणारा एकच प्रश्न झाला आणि तो हिशोबाचा होता. सरांना विचारायचं: वार उलटे घेता आले असते का, आणि न जमलेलं व न घेतलेलं फॉर्मवर वेगळं लिहायचं का.’

बघा, यात ‘एम्पथी’ हा शब्द एकदाही आला नाही. मॅडमना आजी दिसतील. शिवाय काय बघायचं राहिलं तेही दिसेल, आणि जर्नल वाचणाऱ्याला तेच पाहिजे असतं, कारण त्यावरून तुमच्याशी पुढचं बोलता येतं.

तिसऱ्या भागात, म्हणजे ‘पुढं काय’ मध्ये, ‘यापुढं मी संवेदनशील राहीन’ असलं वाक्य घालू नका, कुणालाच तपासता येत नाही ते. करता येईल असं लिहा. परत तपासणी कधी आणि कशी व्हावी असं तुम्हाला वाटतं ते मांडा: दुखणं उतरलेलं असताना, चष्मा लावून, ऐकायला कमी येत असेल तर बऱ्या कानाकडून, पडदा ओढून, मुलगा पाच मिनिटं बाहेर, आणि लक्षात ठेवायचे तीन शब्द बदलून, कारण आधीचे कधीकधी लक्षात राहिलेले असतात. डिलिरियम निघाला तर लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सोडियम, दुखणं, झोपेची किंवा ॲलर्जीची औषधं ही कारणं डॉक्टर बघतील, ते तुमचं काम नव्हे, पण विचारणं तुमचं आहे. डिलिरियम उतरायला कधी दिवस लागतात कधी आठवडे, म्हणून स्मृतीची नीट तपासणी घरी गेल्यावर काही महिन्यांनी, ओपीडीत. तेव्हाही कमी आलं तर मग डिमेन्शियाचा विचार, आणि दोन्ही एकत्र असूच शकतं, आधीपासून स्मृती कमी झालेल्या माणसाला डिलिरियम लवकर गाठतो. त्यासाठी ‘पडायच्या आधीचं सहा महिने-वर्षभर आजी कशा होत्या’ हे घरच्यांकडून आत्ताच लिहून घ्यावं, पैसे मोजताना चुकायच्या का, रोजची वाट हुकायची का, एकच गोष्ट परत परत विचारायच्या का. शक्यतो सुनेला विचारा, दिवसभर घरात तीच असते.

आणि एक, घाईचं. डिस्चार्ज कार्डवर ‘एमएमएसई १०, डिमेन्शिया’ एवढंच गेलं तर पुढच्या प्रत्येक दवाखान्यात आजींचं बोलणं कुणी मनावर घेणार नाही, ‘यांना काही आठवत नाही’ म्हणून लेकालाच विचारतील. तुम्ही ट्रेनी आहात, कार्डावर तुम्ही लिहिणार नाही, पण आज आजी वॉर्डातच असतील तर जर्नल लिहायच्या आधी संध्याकाळी एकदा जाऊन या, नाईटच्या सिस्टर ड्युटीवर आल्या की मागच्या दोन रात्री कशा गेल्या ते विचारा, आणि जे कळेल ते उद्या सकाळी सरांना सांगा.